गर्डरचे पोट आणि एक वर्तुळ

बाळकुम नाक्यावर उभे राहिले की आज डोक्यावरून ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा मार्ग जातो. पुढे भिवंडीकडे निघाले की कशेळीचा पूल लागतो, आणि उजवीकडे साकेतचा. खाडी ओलांडायची म्हणजे पूल हवा, हे या परिसरातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण पूल उभा कशाच्या बळावर राहतो, असे विचारले तर आपण सारे खांबांकडे बोट दाखवतो. फार तर म्हणतो, वरची तुळई जाड आहे. त्या तुळईच्या आत, जिथे काही दिसत नाही तिथे, कोणत्या दिशेने ओढ बसते आणि कोणत्या दिशेने दाब बसतो, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो पूल बांधणाऱ्यांच्याही मनात पुरता आलेला नव्हता. तो कसा आला, आणि त्याचे उत्तर शेवटी कंपास-पट्टीने काढलेल्या एका वर्तुळात कसे सापडले, याची ही हकिगत आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ती गाडी ठाण्याला थांबली, कारण पुढे खाडी होती. खाडीवरचे पूल पुरे होऊन कल्याणपर्यंत मार्ग खुला झाला तो 1 मे 1854 रोजी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली झालेले हे काम बहुतांशी दगडी कमानींचे होते. गलबतांना वाट हवी म्हणून मुख्य प्रवाहावर मात्र लोखंडी पत्र्याच्या गर्डरचा रुंद गाळा ठेवावा लागला. दगडी कमानीचे शास्त्र शतकानुशतकांच्या अनुभवातून आले होते. लोखंडी पत्रे रिवेटांनी जोडून केलेला गर्डर ही त्या वेळी पाच-दहा वर्षांची नवलाई होती.

इथे एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या 1854 साली ठाण्याच्या खाडीवरून गाडी कल्याणला गेली, त्याच साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. पुढे त्याचेच पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. त्या वर्गातल्या मुलांना गर्डरच्या वरच्या आणि खालच्या कडेवर किती बळ येते हे शिकवता आले असते. मधल्या उभ्या पत्र्यात नेमके काय होते हे मात्र कुणालाच शिकवता आले नसते. त्याचे सूत्र तेव्हा युरोपातल्या पाठ्यपुस्तकांतही आलेले नव्हते.

कडेचे कळले, पोटाचे नाही

गर्डरचा छेद इंग्रजी आय अक्षरासारखा असतो. वर एक आडवी पट्टी, खाली एक आडवी पट्टी आणि दोघींना जोडणारा उभा पत्रा. आडव्या पट्ट्यांना कारखान्यात फ्लँज म्हणतात आणि उभ्या पत्र्याला वेब. मी वेबला पोट म्हणतो, कारण बाहेरून सारा भार कडांनी उचललेला दिसतो, पण आतली उलथापालथ होते ती इथे.

दोन टेकूंवर ठेवलेल्या फळीच्या मध्यावर माणूस उभा राहिला की फळी वाकते. तिची वरची बाजू आखडते, खालची ताणली जाते. कोठेतरी मधे एक थर असा असतो की तो ना आखडतो ना ताणला जातो. त्याला उदासीन थर म्हणतात. या थरापासून जितके दूर जावे तितका ताण किंवा दाब वाढतो आणि कडेला तो सर्वांत जास्त होतो. हे वाकण्याचे गणित अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या संधीकाळात फ्रेंच अभियंत्यांनी पक्के केले. म्हणून ठाण्याचा गर्डर करणाऱ्यांना कडांच्या पट्ट्या किती जाड हव्यात हे काढता येत होते.

दुसरे बळ त्यांच्या नजरेत कमी भरले. एखादी जाड वही दोन टोकांना टेकवून मधे दाबली तर पाने एकमेकांवरून घसरतात. पाने डिंकाने चिकटवली तर वही ताठ राहते, पण तो डिंक आता घसरणे अडवत असतो. पदार्थाच्या एका थराने दुसऱ्यावरून घसरू पाहण्याच्या या बळाला कर्तन म्हणतात. कात्री कागदाच्या दोन बाजू उलट दिशांनी सरकवते, तेच हे. लोखंडात थर दिसत नाहीत, म्हणून हा डिंकही दिसत नाही.

तो प्रथम पाहिला तो लाकडात. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेचे तरुण अभियंते दिमित्री झुराव्स्की यांना 1840 च्या दशकात मोठे लाकडी पूल बांधायचे होते. वेरेब्याचा नऊ गाळ्यांचा पूल त्यांतला एक. लाकूड धाग्याच्या दिशेला फार सहज चिरते. म्हणून जाड तुळया वाकताना मधोमध आडव्या उलू शकतात, ही धास्ती त्यांना लागून राहिली. आडव्या थरांत किती कर्तन येते याचे गणित त्यांनी मांडले, आणि 1856 मध्ये ते फ्रेंच नियतकालिकातून युरोपाला कळले. आज ते एका ओळीत लिहितात:

τ = VQ / (I t)

V म्हणजे त्या छेदावरचे एकूण उभे कर्तन. Q म्हणजे आपण पाहतो त्या थराच्या पलीकडच्या भागाचे क्षेत्रफळ आणि त्या भागाचे उदासीन थरापासूनचे अंतर यांचा गुणाकार. I हे साऱ्या छेदाच्या वाकण्याला विरोध करण्याच्या शक्तीचे माप, आणि t त्या थराची जाडी. या सूत्राचे सांगणे असे की कर्तन कडेला शून्य असते आणि उदासीन थरावर सर्वांत जास्त. वाकण्याच्या ताणाचे अगदी उलट.

झुराव्स्की यांनी हेच गणित त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या लोखंडी पुलाला लावून पाहिले. वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांनी 1850 मध्ये पुरा केलेला ब्रिटानिया पूल म्हणजे लोखंडी पत्र्यांची प्रचंड पेटी होती, आणि गाड्या तिच्या पोटातून जात. बांधण्याआधी विल्यम फेअरबेर्न यांनी नमुन्यांवर केलेल्या चाचण्यांत बाजूच्या पत्र्यांना तिरक्या सुरकुत्या पडल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून पत्र्यांना उभ्या पट्ट्या मारून ताठ केले गेले. झुराव्स्की यांचे म्हणणे असे होते की सुरकुत्या तिरक्या आहेत, याचा अर्थ दाबही तिरका आहे. मग ताठ करणाऱ्या पट्ट्या त्या तिरक्या दिशेलाच बसवल्या तर जास्त कामाला येतील. रिवेटही सगळीकडे सारख्या अंतराने कशाला हवेत? गाळ्याच्या मधोमध कर्तन थोडे असते, तिथे ते विरळ चालतील.

तिरका दाब हा शब्दप्रयोग इथे महत्त्वाचा आहे. भार उभा, ताण आडवा, कर्तन आडवे आणि उभे. मग तिरके कोठून आले? हीच गाठ सोडवण्यासाठी पुढे वर्तुळ आले.

एकाच बिंदूला अनेक दिशा

एखाद्या बिंदूवर किती प्रतिबल आहे, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. कोणत्या दिशेच्या छेदावर, हे आधी विचारावे लागते. वेबमधल्या एका ठिपक्यापाशी मनातल्या मनात उभी चीर पाडली तर त्या चिरेवर काही ओढ दिसेल आणि काही घसरण. तीच चीर थोडी तिरकी केली की दोन्ही आकडे बदलतील. आणखी तिरकी केली की पुन्हा बदलतील. ठिपका एकच, त्याच्यावरचे संकट एकच, पण चिरेगणिक त्याचे तोंड वेगळे दिसते.

या फिरत्या चिरांमध्ये दोन चिरा अशा सापडतात की त्यांच्यावर घसरण अजिबात नसते. नुसती ओढ किंवा नुसता दाब असतो. या दोन एकमेकींना काटकोनात असतात. एकीवर त्या ठिकाणचे सर्वांत मोठे प्रतिबल असते, दुसरीवर सर्वांत लहान. ही मुख्य प्रतिबले. त्यांच्या बरोबर मधल्या, म्हणजे 45 अंशांवरच्या चिरेवर घसरण सर्वांत जास्त असते. ते कमाल कर्तन प्रतिबल.

हे सगळे बीजगणिताने काढता येते, पण कार्ल कुलमान यांना ते डोळ्यांनी पाहायचे होते. कुलमान 1855 पासून झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. त्याआधी त्यांनी इंग्लंड-अमेरिकेचा दौरा करून तिथले पूल पाहिले होते. आलेखाने स्थापत्याचे प्रश्न सोडवण्यावरचा त्यांचा ग्रंथ 1866 मध्ये आला. त्यात वाकणाऱ्या तुळईतल्या एका बिंदूपाशी येणारी प्रतिबले त्यांनी एका वर्तुळावर मांडून दाखवली. पुढे 1882 मध्ये ड्रेस्डेनचे प्राध्यापक ऑटो मोर यांनी ती कल्पना तिन्ही मितींना लागू करून पक्की केली आणि पदार्थ केव्हा फुटतो या प्रश्नाशी जोडली. म्हणून आज ते वर्तुळ मोरच्या नावाने ओळखले जाते. पण त्याचा जन्म झाला तो गर्डरच्या पोटातच, आणि कुलमान यांच्या कागदावर.

कंपास-पट्टी घेऊन

आता एक गर्डर घेऊन ते वर्तुळ प्रत्यक्ष काढून पाहू. हा गर्डर कुठल्या एका पुलाचा नाही, पण मापे कोणत्याही लहान पुलावर शोभावी अशी आहेत. एकूण उंची 1000 मिलिमीटर. वरची आणि खालची फ्लँज प्रत्येकी 300 मिलिमीटर रुंद आणि 20 मिलिमीटर जाड. मधला वेब 960 मिलिमीटर उंच आणि 10 मिलिमीटर जाड. दोन टोकांना टेकलेला. टेकूपासून 1.63 मीटरवर आपला छेद आहे, आणि मोठा भार त्याच्या जरा पलीकडे उभा आहे. टेकूवर वरच्या दिशेने येणारी प्रतिक्रिया 370 किलोन्यूटन धरू. गर्डरचे स्वतःचे वजन तूर्त सोडून देऊ.

मग छेदावरचे उभे कर्तन 370 किलोन्यूटन, आणि वाकवणारी शक्ती 370 गुणिले 1.63, म्हणजे सुमारे 603 किलोन्यूटन-मीटर. छेदाचा I येतो सुमारे 3.62 अब्ज चतुर्थघात मिलिमीटर. आता ठिपका निवडायचा. बहुतेक जण एक तर अगदी खालची कड घेतात, कारण तिथे ओढ सर्वांत जास्त; नाहीतर उदासीन थर घेतात, कारण तिथे कर्तन सर्वांत जास्त. आपण तिसरीच जागा घेऊ: वेब जिथे खालच्या फ्लँजला जाऊन मिळतो ती, उदासीन थराखाली 480 मिलिमीटरवर.

या ठिपक्यापाशी वाकण्यामुळे आडवी ओढ येते ती दर चौरस मिलिमीटरला 80 न्यूटन. कर्तनासाठी Q लागतो. ठिपक्याच्या खाली फक्त फ्लँज आहे: 300 गुणिले 20 गुणिले तिच्या मध्याचे अंतर 490, म्हणजे 29 लाख 40 हजार. सूत्रात घातले की कर्तन येते 30 न्यूटन. उभ्या दिशेने तिथे काही ओढ-दाब नाही, तो शून्य धरतो.

कागदावर एक आडवी रेघ मारा. तिच्यावर ओढ उजवीकडे, दाब डावीकडे. त्या रेघेवर उभी रेघ मारा, ती कर्तनाची. एक सेंटिमीटर म्हणजे 10 न्यूटन असे प्रमाण ठेवा. उभ्या चिरेवर 80 ची ओढ आणि 30 चे कर्तन आहे, म्हणून उजवीकडे 8 सेंटिमीटर आणि वर 3 सेंटिमीटर जाऊन एक बिंदू मांडा. आडव्या चिरेवर ओढ शून्य आणि कर्तन तितकेच पण उलट फिरवणारे, म्हणून मूळ जागेपासून सरळ खाली 3 सेंटिमीटरवर दुसरा बिंदू. दोन्ही बिंदू जोडा. ही रेघ आडव्या अक्षाला 4 सेंटिमीटरवर कापते. तो मध्य. कंपासचे टोक तिथे ठेवा आणि दोन्ही बिंदूंमधून जाणारे वर्तुळ काढा.

त्रिज्या मोजायला पट्टीही लागत नाही. मध्यापासून पहिल्या बिंदूपर्यंत आडवे अंतर 4, उभे अंतर 3. तेव्हा तिरके 5. शाळेतला तोच त्रिकोण. मी मापे मुद्दाम अशी घेतली की कंपास सहज फिरावा, पण नियम कोणत्याही आकड्यांना हाच.

वर्तुळ आडव्या अक्षाला उजवीकडे 4 अधिक 5, म्हणजे 9 वर कापते. आणि डावीकडे 4 उणे 5, म्हणजे उणे 1 वर. तेव्हा मुख्य प्रतिबले 90 न्यूटनची ओढ आणि 10 न्यूटनचा दाब. वर्तुळाचा माथा 5 वर आहे, तेव्हा कमाल कर्तन 50 न्यूटन. ते ज्या चिरेवर येते तिच्यावर ओढही आहे, 40 न्यूटनची. माथा मध्याच्या बरोबर वर असतो म्हणून. मुख्य ओढ आडव्या दिशेपासून किती कललेली आहे तेही वर्तुळ सांगते. मध्यापासून पहिल्या बिंदूकडे जाणारी रेघ अक्षाशी सुमारे 37 अंशांचा कोन करते. वर्तुळात कोन दुप्पट दिसतो, म्हणून गर्डरमध्ये तो निम्मा, म्हणजे सुमारे 18 अंश. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात. विद्यार्थी 37 लिहून मोकळा होतो.

दोन अपेक्षाभंग

या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. आपल्या छेदावर खालच्या अगदी कडेला ओढ किती? उदासीन थरापासून 500 मिलिमीटरवर ती सुमारे 83 येते, आणि कर्तन शून्य असल्यामुळे तीच तिथली मुख्य ओढ. म्हणजे ज्या कडेला आपण सर्वांत धोक्याची जागा समजत होतो, तिच्याहून जास्त ओढ तिच्या आत 20 मिलिमीटरवर आहे: 83 नव्हे, 90.

दुसरी गोष्ट. उदासीन थरावर कर्तन सर्वांत जास्त, असे झुराव्स्की यांचे सूत्र सांगते. ते खरेच आहे. तिथला Q 40 लाख 92 हजार येतो आणि कर्तन सुमारे 42. तिथे वाकण्याची ओढ नाही, म्हणून वर्तुळाचा मध्य मूळ बिंदूवरच असतो; मुख्य ओढ 42, मुख्य दाब 42, दोन्ही 45 अंशांवर, आणि कमाल कर्तन 42. पण वेबच्या बुडाशी, जिथे सूत्राचे कर्तन फक्त 30 होते, तिथे तिरक्या चिरेवरचे कमाल कर्तन 50 निघाले. सूत्राने सांगितलेले मोठे कर्तन आणि पदार्थाला खरोखर भोगावे लागणारे मोठे कर्तन या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. पहिले आडव्या-उभ्या चिरेवरचे, दुसरे सगळ्या चिरा शोधून सापडलेले.

हा फरक शाब्दिक नाही. आंरी त्रेस्का यांनी 1864 च्या सुमारास धातू प्रचंड दाबाखाली कसा वाहू लागतो याचे प्रयोग केले. त्यांवरून त्यांनी मत मांडले की पोलादासारखा चिवट धातू शरण येतो तो कमाल कर्तनापुढे. त्या हिशेबाने आपल्या ठिपक्याला सोसावे लागते ते कमाल कर्तनाच्या दुप्पट, म्हणजे 100 न्यूटनच्या साध्या ओढीइतके. आज साधे बांधकामाचे पोलाद सुमारे 250 ला शरण येते, तेव्हा आपला गर्डर सुखरूप आहे. पण कडेच्या 83 वर विसंबून राहिलेला माणूस समासात जितकी जागा समजतो, तितकी ती नाही.

उलट बाजूची चूकही होते. घाईत असलेला अभियंता कडेची 83 ची ओढ आणि उदासीन थराचे 42 चे कर्तन एकाच वर्तुळात टाकतो. त्याला मुख्य ओढ सुमारे 101 मिळते. ती सुरक्षित बाजूची चूक आहे, पण ती अशा ठिपक्याची आहे की जो गर्डरमध्ये कुठेच नाही. वर्तुळ एका ठिपक्याचे असते. दोन ठिकाणची माणसे आणून एकाच कुंडलीत बसवली तर भविष्य काढता येते, पण ते कुणाचे?

वेबच्या बाबतीत एक सोयही आहे. जिथे उभ्या दिशेची ओढ-दाब शून्य असते, तिथे वर्तुळ नेहमी मूळ बिंदूच्या दोन्ही बाजूंना पसरते: एक मुख्य प्रतिबल ओढीचे, दुसरे दाबाचे. पत्र्याच्या आरपार जाणाऱ्या तिसऱ्या दिशेला काही नसते, आणि ते शून्य या दोघांच्या मधेच पडते. म्हणून पत्र्याच्या पातळीत सापडलेले कमाल कर्तन हेच खरे कमाल. पण टेकूच्या अगदी वर, किंवा जड भार फ्लँजवर बसला असेल त्याच्या अगदी खाली, उभा दाब शून्य नसतो. तिथे दुसरा बिंदू उभ्या अक्षावर न राहता डावीकडे सरकतो, वर्तुळ बदलते, आणि पत्र्याला आडवे चेपणारा दाब वेगळा तपासावा लागतो. रिवेटच्या भोकाच्या काठालाही हे साधे सूत्र चालत नाही. तिथे प्रतिबल एकाएकी वाढते.

दाबाच्या वाटा, ओढीच्या वाटा

कुलमान एका ठिपक्यावर थांबले नाहीत. त्यांनी तुळईभर अनेक ठिपके घेतले, प्रत्येकाचे वर्तुळ काढले, आणि प्रत्येक ठिकाणी मुख्य ओढ कोणत्या दिशेला आहे ते लहान रेघेने दाखवले. त्या रेघा जुळवल्या की दोन जाळी तयार होतात. एक दाबाच्या वाटांची: टेकूपासून निघून कमानीसारख्या वर चढत मधोमध वरच्या कडेशी आडव्या होणाऱ्या. दुसरी ओढीच्या वाटांची: वरच्या बाजूने टेकूजवळून निघून दोरीच्या झोक्यासारख्या खाली लोंबत मधोमध खालच्या कडेशी आडव्या होणाऱ्या. दोन्ही वाटा एकमेकींना नेहमी काटकोनात कापतात आणि उदासीन थर ओलांडताना 45 अंशांवर असतात. ठाण्याच्या खाडीवर दगडी कमानींच्या शेजारी लोखंडी गर्डर बसवला गेला होता. त्या सपाट गर्डरच्या पोटातही एक अदृश्य कमान होतीच, आणि तिला टांगलेला एक अदृश्य झोकाही.

या वाटा कळल्या की मग सुरकुत्या आणि तडे वाचता येतात. पातळ पत्रा ओढ सोसतो, दाब सोसत नाही; तो दुमडतो. म्हणून वेब फार पातळ असला तर दाबाच्या तिरक्या वाटेला आडव्या अशा लाटा पत्र्यावर उठतात. फेअरबेर्नच्या नमुन्यावर त्याच दिसल्या होत्या. आपल्या गर्डरचा वेब उंचीच्या शहाण्णवाव्या हिश्श्याइतका जाड आहे. याहून फार पातळ केला तर उभ्या ताठ पट्ट्या माराव्याच लागतील.

काँक्रीटचे उलट. ते दाब सोसते, ओढ सोसत नाही. ओढीच्या वाटेला काटकोनात तडकते. म्हणून टेकूजवळचा कर्तनाचा तडा सरळ उभा नसतो. तो टेकूकडून तुळईच्या मध्याकडे वर चढत जाणारा, तिरका असतो. गाळ्याच्या मधोमध खालून निघालेला बारीक उभा तडा हा वाकण्याचा. तो लोखंडाने धरून ठेवला असेल तर बऱ्याचदा धीराने पाहण्यासारखा असतो. टेकूजवळचा तिरका तडा तसा नव्हे. तो उघडू लागला तर फार सूचना न देता तुळई जाऊ शकते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गोदामाच्या तुळईला मी असा तडा पाहिला. भिंतीच्या कोपऱ्यापासून हाताच्या वितीवर निघालेला, वर मध्याकडे कललेला. मालकाच्या माणसाने गिलावा मारून तो झाकण्याची तयारी केली होती. रंगाचा डबाही आणून ठेवला होता. माझे वरिष्ठ फार बोलले नाहीत. त्यांनी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने तारीख घातली, वर काचेची पट्टी चिकटवली आणि गोदामातला माल उतरवायला सांगितला. आठ दिवसांनी काच तुटलेली होती. मग तुळईखाली टेकू लागले आणि दुरुस्ती झाली. त्या दिवशी मला वर्तुळाच्या 45 अंशांचा अर्थ कळला. गिलाव्याखाली तडा दिसेनासा झाला असता, पण ओढ तिथेच राहिली असती.

रिंगा

कुलमान यांच्या नंतर झुरिचला त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य विल्हेल्म रिटर आले. काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याची पद्धत तेव्हा नवी होती, आणि तडे टेकूजवळ तिरके पडत होते. रिटर यांनी 1899 मध्ये एक सोपे चित्र मांडले. तडे पडल्यानंतर तुळई ही एक कैची समजा. तड्यांच्या मधले काँक्रीटचे तिरके पट्टे म्हणजे कैचीचे दाब सोसणारे दांडे. खालची सळई म्हणजे तिची ओढ सोसणारी कड. आणि उभ्या ओढीसाठी काँक्रीटमध्ये उभे लोखंड हवे. हे उभे लोखंड म्हणजेच आज आपल्या बांधकामावर ज्यांना रिंगा म्हणतात त्या.

बाळकुममध्ये गेल्या पंधरा-वीस वर्षांत खाडीकाठच्या शेताडीवर केवढाले मनोरे उभे राहिले. त्यांच्या कोणत्याही मजल्यावर सळई बांधण्याचे काम चालू असताना जाऊन पाहावे. बांधणारा माणूस तुळईच्या टोकांना, खांबाजवळ, रिंगा दाट बांधतो आणि मध्याकडे गेला की विरळ करतो. विचारले तर तो म्हणतो, साहेबांनी असेच सांगितले आहे. भूकंपासाठी खांबाजवळ दाट रिंगा हव्यात असा नियमही आता आहे, आणि तो बरोबरच आहे. पण त्याच्याही आधीचे कारण झुराव्स्की यांच्या रिवेटांचे आहे: कर्तन टोकाला जास्त, मध्याला कमी.

इथे एक चूक वारंवार दिसते. सळईचा हिशेब चुकता करताना रिंगा सगळीकडे सारख्या अंतरावर बांधल्या जातात, किंवा पाइप न्यायचा म्हणून खांबाला लागूनच वेबमधून भोक पाडले जाते. मध्यावर, उदासीन थराजवळ लहान भोक पाडले तर वाकण्याच्या दृष्टीने फारसे बिघडत नाही. टेकूजवळ तेच भोक दाबाच्या तिरक्या वाटेत येते. वाट अडली तर दाब बाजूने वळसा घेतो, आणि वळशाच्या कोपऱ्यावर तडा जातो. पाइप कुठून न्यायचा हा प्लंबरचा प्रश्न वाटतो, पण त्याचे उत्तर कुलमान यांच्या जाळीत आहे.

1854 साली ठाण्याचा गर्डर ज्यांनी जोडला त्यांच्याकडे वर्तुळ नव्हते. त्यांनी वेब जरा जास्तच जाड ठेवून काम भागवले. अज्ञानाची भरपाई लोखंडाने केली. आज लोखंड वाचवायचे असते, आणि संगणक प्रत्येक ठिपक्याची मुख्य प्रतिबले क्षणात रंगीत चित्रात दाखवतो. त्या रंगांखाली प्रत्येक ठिपक्याला हेच वर्तुळ असते. ते स्वतः एकदा काढलेल्या माणसाला लाल रंग कडेला नसून कडेच्या जरा आत का आला आहे, हे विचारावे लागत नाही. न काढलेला माणूस तो संगणकाचा दोष समजून पुढे जातो.

कशेळीच्या पुलावरून जाताना मी अजूनही खिडकीतून खांबाच्या माथ्याकडे पाहतो. तिथे, गर्डर जिथे टेकतो तिथून हातभर आत, जर कधी एखादी तिरकी रेघ दिसली, मध्याकडे वर चढत जाणारी, तर ती पावसाच्या ओघळाची आहे की ओढीची, हे आधी पाहावे. ओघळ सरळ खाली येतो. ओढीची रेघ वर चढते.